मेमोवरचे कारण आणि हातातले दिवस

धनादेश न वटता परत आला की बँक त्यासोबत एक छोटा कागद देते. त्यावर धनादेशाचा क्रमांक, तारीख, रक्कम, खातेदाराचे नाव आणि शेवटी एका ओळीत परत येण्याचे कारण असते. कारणाआधी बहुधा दोन अंकी संकेतांकही छापलेला असतो. हाच तो रिटर्न मेमो. बहुतेक घरांत तो चुरगाळून धनादेशाच्या मागे टाचला जातो आणि लक्ष माणसाकडे वळते: त्याला फोन करा, त्याच्या भावाला सांगा, मध्यस्थ शोधा. कागद मात्र कुणी नीट वाचत नाही. वास्तविक पुढे जे काही करता येते किंवा येत नाही, ते त्या एका ओळीवर आणि कागद हाती आला त्या तारखेवर अवलंबून असते.

कारणे अनेक आहेत. पण घेणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे स्थूलमानाने दोनच प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात दोष कागदात असतो. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळत नाही, तारीख घातलेली नाही, तारीख पुढची आहे, धनादेशाला तीन महिने उलटून गेले आहेत, किंवा नावात अथवा रकमेत खाडाखोड आहे. एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत तीन महिन्यांची आहे. जुन्या सवयीने सहा महिने धरून बसणारी ज्येष्ठ मंडळी आजही भेटतात. अशा वेळी देणाऱ्याकडून दुरुस्त असा नवा धनादेश घेणे हाच सरळ मार्ग. रकमेवर खाडाखोड करून शेजारी सही करण्याची जुनी पद्धत आता चालत नाही, कारण समाशोधनात कागद न जाता त्याची प्रतिमा जाते आणि अशा बदलाचा धनादेश स्वीकारला जात नाही.

दुसऱ्या प्रकारात दोष देणाऱ्याच्या खात्यात किंवा त्याच्या वागण्यात असतो. संकेतांक ०१ म्हणजे ‘फंड्स इन्सफिशियंट’, खात्यात पुरेशी शिल्लक नाही. ०२ म्हणजे ‘एक्सीड्स अरेंजमेंट’, बँकेने मंजूर केलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम जास्त. १२ म्हणजे ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’, सही बँकेतील नमुन्याशी जुळत नाही. २० म्हणजे ‘पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉअर’, खातेदारानेच पैसे देऊ नका असे बँकेला कळवले. याच रांगेत ‘अकाउंट क्लोज्ड’ येते. ‘रेफर टू ड्रॉअर’ हे जुने सभ्य शब्द. बँक कारण न सांगता खातेदारालाच विचारा असे म्हणते, आणि त्यामागे बहुधा रिकामे खातेच असते.

परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ सालचा. त्यातले कलम १३८, ज्यामुळे धनादेश न वटणे हा गुन्हा ठरू लागला, ते १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. कलमाच्या शब्दांत शिल्लक अपुरी असणे आणि मंजूर मर्यादेपेक्षा रक्कम जास्त असणे एवढ्या दोनच गोष्टी आहेत. त्यामुळे मेमोवर सहीचे कारण दिसले की घेणारा खचतो. ‘पैसे नव्हते असे बँक म्हणतच नाही, मग कायदा काय करणार?’ ही समजूत फार पसरलेली आहे आणि काही देणारे तिचाच आधार घेतात. सांगलीच्या एका काकूंच्या बाबतीत हेच घडले.

काकूंची मिरज तालुक्यात थोडी बागायत आहे. यजमान गेल्यापासून शेताचा हिशोब त्या स्वतः बघतात. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी वीस क्विंटल हळद सोळा हजार रुपये दराने एका व्यापाऱ्याला विकली. व्यापाऱ्याच्या वडिलांशी काकूंच्या घराचा तीस वर्षांचा व्यवहार. हिशोबपट्टी मिळाली आणि तीन लाख वीस हजारांचा १० जून या तारखेचा धनादेश मिळाला. खाते व्यापाऱ्याच्या पुण्यातील शाखेचे होते. या पैशांतून खताच्या दुकानाची उधारी फेडायची होती आणि मुलीच्या फार्मसीच्या प्रवेशाचे शुल्क भरायचे होते. काकूंनी १२ जूनला धनादेश भरला. १४ जूनला मोबाइलवर संदेश आला आणि त्याच दिवशी शाखेतून मेमो मिळाला. संकेतांक १२, सही जुळत नाही.

व्यापारी फोनवर गोड बोलला. “काकू, हात थरथरला असेल हो. मी बँकेत जाऊन नवी सही नोंदवतो. तुम्ही आठ-दहा दिवसांनी तोच चेक पुन्हा टाका.”

काकूंच्या पुतण्याने मात्र एक चांगली गोष्ट केली. मागील वर्षी याच व्यापाऱ्याचा धनादेश भरताना काकूंनी त्याचे छायाचित्र फोनमध्ये ठेवले होते, ते त्याने शोधून काढले. त्या धनादेशावर इंग्रजीत पूर्ण नावाची सही होती आणि तो वटला होता. या वेळच्या धनादेशावर मराठीत आडनावाची नुसती आद्याक्षरे. थरथरत्या हाताने अक्षर वाकडे होते, लिपी बदलत नाही. घेणाऱ्याला बँकेतील नमुना पाहायला मिळत नाही. पण आधीचा वटलेला धनादेश हा त्याच्याजवळचा नमुनाच असतो, आणि तुलनेला तो पुरेसा ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने या समजुतीला २०१२ सालीच उत्तर दिले आहे. लक्ष्मी डायकेम विरुद्ध गुजरात राज्य या निकालात न्यायालयाने म्हटले की, सही न जुळल्यामुळे परत आलेला धनादेशही कलम १३८ च्या कक्षेत येऊ शकतो. सहीत खरोखर निर्दोष फरक असेल, तर नोटीस मिळाल्यावर देणाऱ्याने रक्कम द्यावी किंवा योग्य सहीचा धनादेश द्यावा. ते न करता तो गप्प बसला तर फरकाचे निमित्त त्याला वाचवत नाही. खाते बंद असणे आणि ‘पेमेंट स्टॉप्ड’ या कारणांबाबतही न्यायालयाची भूमिका अशीच आहे. पैसे थांबवण्याच्या सूचनेबाबत मात्र एक वाजवी मुभा आहे. खात्यात त्या वेळी पुरेशी रक्कम होती आणि थांबवण्यामागे खरे कारण होते, उदाहरणार्थ माल पोहोचलाच नव्हता, हे देणाऱ्याने सिद्ध केले तर तो सुटतो. सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. म्हणून घेणाऱ्याने माल पोहोचल्याची पावती किंवा हिशोबपट्टी मेमोइतकीच जपावी.

आता प्रश्न दिवसांचा. बँकेकडून धनादेश परत आल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. माहिती मोबाइलच्या संदेशातून आधी आली आणि मेमो नंतर मिळाला, तर मोजणी संदेशापासूनच धरावी. दोन दिवसांच्या वादासाठी पूर्ण हक्क पणाला लावण्यात शहाणपण नाही. काकूंना माहिती १४ जूनला मिळाली. तो दिवस सोडून तीस दिवस मोजले की १४ जुलै येतो, आणि तो रविवार होता.

तोच धनादेश पुन्हा भरावा का? मुदतीच्या आत तो कितीही वेळा भरता येतो, आणि प्रत्येक वेळी परत आला की नोटिशीचे तीस दिवस नव्याने मिळतात. एमएसआर लेदर्स प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. ही सवलत खरी असली तरी तिच्यात एक खाच आहे. पुन्हा भरायला उशीर केला आणि दरम्यान पहिले तीस दिवस निघून गेले, तर सारी भिस्त दुसऱ्या फेरीवर राहते. त्यातच धनादेशाची तीन महिन्यांची मुदत संपली तर हाती काहीच उरत नाही. म्हणून पुन्हा भरायचा असेल तर पहिल्या तीस दिवसांच्या आतच भरावा, म्हणजे दोन्ही वाटा खुल्या राहतात. पुतण्याने हिशोब करून १ जुलै ही तारीख ठरवली. त्याआधी व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर लिहून विचारले, “सही नोंदवली का? सोमवारी चेक भरतो आहोत.” उत्तर आले, “हो, भरा.” हे दोन शब्द पुढे फार उपयोगी पडले, कारण धनादेश आपलाच आहे आणि रक्कम देणे आहे हे त्यातून त्याने मान्य केले होते.

२ जुलैला संदेश आला. या वेळी संकेतांक ०१, शिल्लक अपुरी.

पहिल्या खेपेला हे कारण का नव्हते, असे काकूंनी काउंटरवर विचारले. मेमोवर बहुधा एकच कारण असते. ते दिसले म्हणून दुसरे नव्हतेच असा अर्थ होत नाही. जूनमध्येही खाते रिकामे असेल किंवा नसेलही. मेमो बँकेने का परत केले एवढेच सांगतो, खात्याची संपूर्ण कुंडली मांडत नाही. काकूंनी दुसरा मेमो ताब्यात घेतला आणि त्यावर बँकेचा शिक्का आहे ना, हे पाहून घेतले. बँकेची अधिकृत खूण असलेला मेमो न्यायालयात धनादेश न वटल्याचा पुरावा म्हणून गृहीत धरला जातो, अशी तरतूद कलम १४६ मध्ये आहे. शिक्का नसलेल्या छापील चिठ्ठीवर तो मागून घेणे दोन मिनिटांचे काम आहे. सहा महिन्यांनी, कर्मचारी बदलल्यावर, ते दोन दिवसांचे होते.

२ जुलैपासूनचे तीस दिवस १ ऑगस्टला संपत होते. काकूंचे मन मात्र नोटिशीला तयार होईना. “आपल्याच माणसाला नोटीस कशी धाडायची रे? त्याच्या वडिलांनी आमच्या वाईट काळात उधार बियाणं दिलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काकू, नोटीस म्हणजे खटला नव्हे,” पुतण्या म्हणाला. “पंधरा दिवसांत पैसे दे, एवढंच त्यात असतं. त्यानं दिले की विषय संपला.”

तो म्हणाला ते खरे आहे. नोटीस म्हणजे कायद्याने देणाऱ्याला दिलेली शेवटची संधी. ती वकिलानेच पाठवली पाहिजे असेही बंधन नाही, धनादेशधारक स्वतः पाठवू शकतो. मात्र मजकुरात चूक झाली की पुढची इमारत डळमळते, म्हणून जाणकाराकडून ती लिहून घेणे बरे. काकूंच्या नोटिशीत धनादेशाचा क्रमांक, तारीख, बँक, रक्कम, दोन्ही मेमोंच्या तारखा व कारणे, हिशोबपट्टीचा उल्लेख आणि तीन लाख वीस हजार रुपये पंधरा दिवसांत द्यावेत अशी स्पष्ट मागणी होती. खतवाल्याने लावलेले व्याज आणि झालेला त्रास मिळून साडेतीन लाख मागावेत, असे पुतण्याच्या मनात होते. वकीलबाईंनी ते होऊ दिले नाही. कायद्याला अपेक्षित असलेली मागणी धनादेशाच्या रकमेची असते. व्याज किंवा खर्च मागायचा तर तो स्वतंत्र ओळीत, वेगळा आकडा देऊन मागावा. सगळे एका आकड्यात मिसळले की धनादेशाची रक्कम मागितलीच नाही, असा बचाव उभा राहतो आणि अनेक प्रकरणे याच दगडावर आपटली आहेत.

नोटीस १८ जुलैला स्पीड पोस्टाने व्यापाऱ्याच्या घरी आणि दुकानी, दोन्ही पत्त्यांवर गेली. २२ जुलैला ती पोहोचली. पोस्टाच्या संकेतस्थळावरील पोहोच नोंद पुतण्याने त्याच दिवशी छापून ठेवली. नोटीस नाकारली, किंवा घर बंद असल्याचा शेरा मारून पाकीट परत आले, तरी पत्ता बरोबर असेल तर ती पोहोचली असेच सामान्यतः मानले जाते. परत आलेले पाकीट मात्र फोडू नये. ते तसेच मोहोरबंद ठेवावे.

२२ जुलै सोडून पंधरा दिवस म्हणजे ६ ऑगस्ट. ५ तारखेला काकूंच्या खात्यात दोन लाख रुपये आले आणि पाठोपाठ फोनही. “काकू, उरलेले दिवाळीला देतो. शब्द देतो.”

घरात सगळ्यांना हायसे वाटले. शुल्काचा प्रश्न सुटला होता. आता दिवाळीपर्यंत थांबायला काय हरकत, असे काकू म्हणू लागल्या. अशी बहुतेक प्रकरणे नेमकी या टप्प्यावर हातची जातात. कलम १३८ पूर्ण रकमेच्या भरण्याची अपेक्षा करते. पंधरा दिवसांत अर्धी रक्कम आली म्हणून गुन्हा पुसला जात नाही. पण पंधरा दिवस संपल्यावर तक्रार दाखल करायला एकच महिना असतो. ७ ऑगस्टला तक्रारीचे कारण निर्माण झाले आणि ७ सप्टेंबरला महिना भरत होता. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी होती. व्यापाऱ्याने वायदा मुद्दाम मुदतीपलीकडचा केला की सहज, हे त्यालाच ठाऊक. सबळ कारण दाखवले तर न्यायालय उशीर माफ करू शकते. ‘समोरच्याने शब्द दिला होता’ हे कारण त्यासाठी पुरेसे पडेलच अशी खात्री कुणीही वकील देत नाही.

“थांबायचं असेल तर जरूर थांबा,” वकीलबाई म्हणाल्या, “पण तक्रार दाखल करून थांबा. पैसे आले की आपण तडजोड नोंदवू.”

हा गुन्हा आपसात मिटवता येण्याजोगा आहे. कलम १४७ ने तशी स्पष्ट मुभा दिली आहे, त्यामुळे दाखल केलेली तक्रार हे परतीचे दार बंद करणे नव्हे. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आणि शनिवार होता. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता २२ ऑगस्टला सांगलीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तक्रार दाखल झाली. व्यापाऱ्याचे खाते पुण्याचे असूनही ती सांगलीत दाखल करता आली, कारण २०१५ च्या दुरुस्तीनुसार ज्या शाखेत घेणाऱ्याचे खाते आहे तिथले न्यायालय अशा तक्रारीसाठी योग्य ठरते. काकूंना पुण्याचे हेलपाटे पडले नाहीत. मिळालेले दोन लाख तक्रारीत प्रामाणिकपणे नमूद केले होते. आलेली रक्कम लपवणारा तक्रारदार न्यायालयात स्वतःचेच पाय तोडतो.

दिवाळी गेली, पैसे आले नाहीत. डिसेंबरात समन्स पोहोचले आणि पुढच्याच आठवड्यात एक लाख वीस हजार रुपये, तक्रारीच्या खर्चापोटी वर काही रक्कम आणि व्यापाऱ्याची आई, असे तिघेही काकूंच्या घरी आले. तडजोडीचा अर्ज दिला गेला आणि मूळ धनादेश व्यापाऱ्याला परत मिळाला. हळद मात्र काकू आता बाजार समितीतच विकतात.

या कलमाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. धनादेश कायद्याने वसूल करता येणाऱ्या देण्यापोटी दिलेला असला पाहिजे. संस्थेला उत्साहाने जाहीर केलेल्या देणगीचा किंवा लग्नातील आहेराचा धनादेश परत आला तर मेमोवर ०१ असला तरी हा मार्ग उघडत नाही. संस्थांच्या विश्वस्तांनी अशा वेळी नोटिशीचा खर्च करण्यापूर्वी एकदा विचारावे. याउलट तीस दिवस किंवा महिना हुकला म्हणून खरे देणे बुडाले असेही नाही. फौजदारी वाट बंद झाली तरी दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावता येतो, आणि त्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली धनादेशावर संक्षिप्त दावाही लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचावासाठी आधी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. तिथेही पहिला कागद म्हणून मूळ धनादेश आणि तोच शिक्क्याचा मेमो लागतो.